उभा जिना, आडवी नदी

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी ५७ फुटांच्या वर गेले. तिथली धोक्याची पातळी ४५ फुटांची आहे. त्याआधीचा मोठा पूर २००५ चा. त्या पुराच्या घरगुती खुणा बहुतेक भिंतींवर आणि माणसांच्या बोलण्यात आहेत, कारण तेव्हा खिशात कॅमेरा असलेली माणसे थोडी होती. २०१९ चा पूर मात्र घराघरांतल्या फोनांनी टिपला. चित्रण भरपूर झाले, पण ते एकत्र करायला बसले की पहिली अडचण समोर येते. निम्मे चित्रण उभे असते आणि निम्मे आडवे.

माझ्या परिचयाच्या एका कुटुंबाचे असे चित्रण लावून देण्याचे काम मी केले. थोरली पाती सांगलीच्या गावभागात, धाकटी साताऱ्यात. नदी एकच. साताऱ्याजवळ माहुलीला वेण्णा तिला मिळते, कऱ्हाडला कोयना आणि सांगलीच्या पुढे हरिपूरला वारणा. साताऱ्याचे काका माहुलीला जाऊन पाणी टिपत आणि सांगलीला पाठवत. सांगलीची मंडळी माडीवरून जिन्यातले पाणी टिपत आणि साताऱ्याला पाठवत. सात फोन, ८३ तुकडे. त्यांतले ५१ उभे, ३२ आडवे. पुरानंतर ते घर उतरवावे लागले. तो जिना, ती माजघराची खिडकी आता याच तुकड्यांत उरली आहे. त्यामुळे कोणत्या तुकड्याची कोणती कड कापायची, हा इथे नुसता सजावटीचा प्रश्न नव्हता.

उभे चित्रण हे अडाण्याचे लक्षण, असे मानणारे बरेच भेटतात. हे तुकडे पाहताना मला ते पटले नाही. काकांनी पुलाच्या कठड्याशी उभे राहून, दोन्ही हातांनी फोन धरून नदी टिपली. ती आडवी आली. काकूंच्या एका हातात जिन्याचा कठडा होता आणि दुसऱ्यात फोन. ते चित्र उभे आले. शिवाय जिना मुळातच उभा असतो. त्याच्या पायऱ्या वरून खाली मोजायच्या तर उभीच चौकट लागते.

आता थोडा हिशेब. टीव्हीचा पडदा १९२० पिक्सेल रुंद आणि १०८० उंच धरू. आडवे चित्रण त्यावर बरोबर बसते. उभे चित्रण १०८० रुंद आणि १९२० उंच असते. ते पूर्ण दिसावे म्हणून लहान केले की त्याची रुंदी जेमतेम ६०८ पिक्सेल उरते, म्हणजे पडद्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. भरलेल्या पडद्यावरची नदी संपून अचानक मधोमध एक अरुंद पट्टी उभी राहते. पुढच्या तुकड्याला पुन्हा पडदा भरतो. डोळ्यांना बसणारा धक्का हाच: चित्राची रुंदी एका क्षणात तिपटीहून अधिक बदलते.

यावर दोन उपाय सर्रास केले जातात. पहिला, उभे चित्र पडद्याच्या रुंदीइतके मोठे करून वरखाली कापायचे. तसे केले तर मूळ उंचीचा सुमारे ३२ टक्केच भाग शिल्लक राहतो. घरातल्या पुतण्याने आधी सगळे याच पद्धतीने केले होते. काकूंनी पाहिले आणि विचारले, "अरे, माझ्या पायऱ्या कुठं गेल्या?" त्यांचा प्रश्न रास्त होता. पाण्याबाहेरच्या पायऱ्या वरून कापल्या गेल्या होत्या आणि उरलेल्या पाण्याला काही मापच नव्हते. दुसरा उपाय बातम्यांच्या वाहिन्यांवर रोज दिसतो. उभ्या चित्राच्या दोन्ही बाजूंना त्याचेच मोठे, धूसर रूप भरतात. मला तो आवडत नाही, आणि त्याला कारण आहे. आपली नजर मधल्या चित्रावर असली तरी डोळ्यांच्या कडा हालचाल चटकन टिपतात. बाजूचे धूसर पाणी हलत राहते आणि लक्ष पुन्हा पुन्हा तिकडे ओढले जाते.

हा पेच फोनपेक्षा जुना आहे. १९३० साली हॉलीवूडमध्ये रुंद पडद्याची चर्चा चालू असताना सर्गेई आयझेनस्टाइनने तिथल्या तंत्रज्ञांपुढे चौरस पडद्याची बाजू मांडली होती. उभ्या आणि आडव्या, दोन्ही रचनांना न्याय मिळेल असा आकार तोच, असे त्याचे म्हणणे. त्याआधी १९२७ मध्ये आबेल गान्सने 'नेपोलियन'च्या शेवटी तीन पडदे शेजारी शेजारी लावले होते. आमच्या कामात या दोघांचाही थोडा थोडा उपयोग झाला.

चौरस चौकट मी करून पाहिली. तिच्यात दोन्ही प्रकारच्या चित्रांचा जवळजवळ ४४ टक्के भाग जातो. नदीचा दुसरा काठ गेला, पायऱ्याही गेल्या. मग तडजोड अशी केली की दोघांनीही एक एक चतुर्थांश सोडायचा. आडव्या चित्राच्या बाजू कापून ते १४४० रुंद ठेवले. उभ्या चित्राची उंची १९२० वरून १४४० वर आणली आणि ते पडद्याच्या उंचीत बसवले. त्याची रुंदी ८१० झाली. आधीचे प्रमाण १९२० ला ६०८ होते, आता १४४० ला ८१० झाले. तिपटीचा फरक पावणेदोन पटींवर आला. उंची तर सगळीकडे १०८० च राहिली, त्यामुळे माथा आणि तळ कधी हलत नाहीत.

यातला आणखी एक फायदा मला नंतर कळला. आता आडव्या चित्रांच्या बाजूंनाही पट्ट्या आल्या. सगळीकडे त्यांचा एकच गडद राखाडी रंग ठेवला. पट्टी मधेच उगवली की खटकते. पहिल्यापासून असली की पाहणारा तिला विसरतो. संकलनाच्या बहुतेक प्रोग्रॅमांत वेगळ्या आकाराचे चित्र आपोआप कसे बसवायचे, याची एक निवड असते. डाविंची रिझॉल्व्हमध्ये ती `Scale entire image to fit` अशी ठेवावी, म्हणजे काहीही न कापता सगळे समोर येते आणि कात्री आपल्या हाती राहते. जिन्याचे पाच तुकडे मात्र मी अजिबात कापले नाहीत. ते ६०८ च्या पट्टीतच राहिले, पण एकेकटे नाहीत. तीन पट्ट्या मिळून १८२४ पिक्सेल होतात, म्हणजे पडद्यावर तीन शेजारी शेजारी सहज मावतात. सकाळ, दुपार आणि रात्र अशा तीन वेळांचे तेच जिने एकत्र दिसतात, आणि डावीकडून उजवीकडे पायऱ्या कमी होत जातात.

राहिला क्रम. तुकडे वेळेनुसार लावले तर आकार ४६ वेळा बदलत होता. एकाच अर्ध्या दिवसातले उभे तुकडे एकत्र आणि आडवे एकत्र केले, तेव्हा हे बदल १३ वर आले. पण या मोकळीकीला मर्यादा होती. चढत्या पाण्यात एकदा बुडालेली पायरी पुढच्या चित्रात कोरडी दिसता कामा नये. फाइलच्या नावावर इथे विसंबता येत नाही. `VID-20190807-WA0012` अशा नावातली तारीख व्हॉट्सॲपवरच्या देवाणघेवाणीची असते, चित्रणाची असेलच असे नाही. वरून आलेली फाइल दाबली जाऊन तिचा तपशीलही गेलेला असतो. म्हणून मूळ फाइली ज्याच्या त्याच्या फोनमधून पेनड्राइव्हवर घेतल्या. ज्यांचे मूळ पुसले गेले होते, त्यांची वेळ पायऱ्या मोजून ठरवली. जिनाच आमचे घड्याळ झाला.

याच जिन्याने आणखी एक घोळ घातला होता. फोन उभा धरला आहे की आडवा, हे तो गुरुत्वाकर्षणावरून ओळखतो आणि चित्रण सुरू होतानाच फाइलमध्ये तशी नोंद करतो. माडीवरून थेट खाली पाणी टिपताना फोन जमिनीला समांतर होतो आणि त्याला काही कळेनासे होते. मग तो आधीचीच दिशा धरून ठेवतो. त्यामुळे काकूंचे चार तुकडे आडवे नोंदले गेले होते. त्यांत जिना कुशीवर पडलेला दिसे. खाली पाहणाऱ्या चित्रात आकाश नसल्याने चूक पटकन लक्षात येत नाही. कठड्याचे गज कोणत्या बाजूला जातात ते पाहावे लागते. हे चार तुकडे हाताने ९० अंशांत फिरवले आणि मगच उभे-आडवे मोजले.

उरलेल्या तेरा बदलांत नजर कुठे असते, याचा विचार केला. वॉल्टर मर्च या संकलकाने यावर नीट लिहिले आहे. तुकडा बदलताना पाहणाऱ्याची नजर जिथे असेल तिथेच पुढचे महत्त्वाचे काही असले, तर जोड जाणवत नाही. काकांच्या माहुलीच्या चित्रात उजवीकडे एक छत्रीवाला माणूस कठड्याशी येऊन थांबतो. नजर त्याच्यावर असते. म्हणून पुढचे काकूंचे उभे चित्र मी पडद्याच्या मधोमध न ठेवता उजवीकडे सरकवले. छत्री होती तिथे काकूंचा चेहरा आला, आणि दोन्ही डोकी पडद्यावर साधारण सारख्या आकाराची राहतील असे पाहिले. आवाजही मदतीला घेतला. छत्रीवर पडणाऱ्या पावसाचा आवाज काकूंच्या चित्रावर तीनचार सेकंद चालू ठेवला. साताऱ्याचा पाऊस सांगलीच्या माडीवर ऐकू येतो, हे थोडे खोटे आहे. घरात कोणालाच ते खटकले नाही.

तपासणीसाठी आवाज बंद करून, टीव्हीपासून दहा फुटांवर बसून पाहावे. शेजारच्या एका बाईंना मी फक्त इतके सांगितले की चित्राचा आकार बदललेला जाणवला की बोट उचला. त्यांनी चारदा बोट उचलले. त्यांतले तीन जोड दुरुस्त केले.

चौथा जोड बचावाच्या होडीचा. पुतणा माडीवरून उभा फोन धरून चित्रण करत होता. होडी गल्लीच्या वळणावर आली तेव्हा चालू चित्रणातच त्याने फोन आडवा केला. अशा वेळी नोंद बदलत नाही. उभ्या चौकटीत सारी गल्ली कलंडून पडते. वळण्याचा तो सेकंदभराचा भाग कापून टाकणे सोपे होते. त्याऐवजी हात ज्या वेगाने फिरला, त्याच वेगाने मी चित्र उलट फिरवले. गल्ली सरळ राहिली, आणि तेवढ्याच वेळात चौकट ८१० वरून १४४० पर्यंत उघडत गेली. होडी त्या उघडणाऱ्या बाजूने आत येते. बाईंनी तिथे पुन्हा बोट उचलले. मग म्हणाल्या, "हे असू दे."