मीटरवरचा लाल ठिपका काय मोजतो?

विजेच्या इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक बारीकसा लाल दिवा लुकलुकत असतो. त्याच्या शेजारी किंवा आकड्यांच्या खाली बारीक अक्षरांत छापलेले असते: 3200 imp/kWh. काही मीटरवर हा आकडा वेगळा असतो, पण अर्थ तोच. दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट वीज खर्च झाली. शाळकरी मुलाला ऊर्जा आणि शक्ती यांतला फरक समजावून द्यायचा, तर एवढा दिवा आणि एक घड्याळ पुरते.

घरातले सगळे बंद करून फक्त ९ वॉटचा एक एलईडी बल्ब चालू ठेवावा. ठिपका दोन मिनिटांतून जेमतेम एकदा चमकतो. आता त्याच घरात २००० वॉटचा गीझर लावावा. ठिपका मिनिटाला शंभराहून जास्त वेळा चमकू लागतो. चमकण्याचा हा वेग म्हणजे शक्ती. आणि एकूण किती वेळा चमकला, ती मोजदाद म्हणजे ऊर्जा. बिलावरचा स्थिर आकार सोडला, तर घरगुती ग्राहक पैसे मोजतो ते या मोजदादीचे. वेग कितीही असो.

मोजदाद ज्यूलमध्ये होते आणि वेग वॉटमध्ये. दर सेकंदाला एक ज्यूल ऊर्जा वापरली जात असेल, तर शक्ती एक वॉट. शंभर ग्रॅम वजनाची वस्तू जमिनीवरून एक मीटर उचलायला साधारण एक ज्यूल लागतो. म्हणजे ज्यूल हे फारच चिमुकले माप आहे. त्यात घरची वीज मोजायला बसले तर आकडे हाताबाहेर जातात, म्हणून वीजवाले वॉट-तास वापरतात. एक वॉटचे उपकरण तासभर, म्हणजे ३६०० सेकंद चालले तर ३६०० ज्यूल लागले. तोच एक वॉट-तास. असे हजार वॉट-तास म्हणजे एक किलोवॉट-तास, अर्थात आपले नेहमीचे ‘युनिट’. त्यात ३६ लाख ज्यूल असतात. त्याला ३२०० ने भागले की कळते, लाल ठिपक्याची एक चमक ११२५ ज्यूलची आहे. स्वयंपाकाच्या गॅसचे भरलेले सिलिंडर सुमारे ३० किलोचे असते. ते एक मजला वर चढवून पुढे आणखी दोन-चार पायऱ्या नेले, की एका चमकेइतके काम होते. गीझर चालू असताना अशा चमका सेकंदाला जवळजवळ दोन पडत असतात, हे लक्षात घेतले की गरम पाणी ही किती महागडी चैन आहे ते दिसते.

चैनीचा हिशेबच करू. थंडीच्या सकाळी नळाचे पाणी २० अंश सेल्सिअसवर आहे आणि अंघोळीला १५ लिटरची बादली ४० अंशांवर हवी आहे. इथे कॅलरी उपयोगी पडते, कारण ते माप पाण्यावरूनच ठरले: एक ग्रॅम पाणी एक अंशाने तापवायला लागणारी उष्णता म्हणजे एक कॅलरी. पंधरा लिटर म्हणजे १५,००० ग्रॅम, आणि वाढवायचे २० अंश. गुणाकार ३ लाख कॅलरी. एका कॅलरीत ४.१८४ ज्यूल असतात, म्हणून हे झाले सुमारे साडेबारा लाख ज्यूल. त्याला ३६०० ने भागले की ३४९ वॉट-तास, म्हणजे साधारण पाऊण युनिटाच्याही निम्म्याहून कमी: ०.३५ युनिट. मीटरवर सुमारे १११६ चमका.

ही बादली १५०० वॉटच्या रॉडने तापवली तर ठिपका मिनिटाला ८० वेळा चमकेल आणि १४ मिनिटे लागतील. ३००० वॉटच्या इन्स्टंट गीझरने मिनिटाला १६० चमका पडतील आणि सात मिनिटांत काम होईल. दोन्हीकडे चमका तेवढ्याच, १११६ च्या आसपास. ‘जास्त वॉटचा गीझर घेतला म्हणून बिल वाढले’ ही तक्रार म्हणूनच बहुतेक वेळा चुकीच्या आरोपीला पकडते. शक्ती दुप्पट झाली तर वेळ निम्मा होतो. बिल वाढते ते दुसऱ्या कारणाने. टाकीच्या गीझरमध्ये पाणी ६० अंशांपर्यंत तापते, त्यातले अर्धेच वापरले जाते आणि उरलेले दिवसभर गार होत बसते. प्रत्यक्ष मोजलेल्या चमका १११६ पेक्षा बऱ्याच जास्त भरल्या, तर ती उष्णता बादलीत न येता कुठे तरी गळते आहे, असे समजावे. जास्त वॉटचा त्रास वायरिंगला होतो. तिच्यातून एका वेळी जास्त प्रवाह जातो, म्हणून गीझरला जाड वायर आणि वेगळा पॉइंट लागतो.

वर वापरलेला ४.१८४ हा आकडा आकाशातून पडलेला नाही. मँचेस्टरजवळच्या सॅल्फर्डमध्ये १८१८ साली जन्मलेला जेम्स प्रेस्कॉट ज्यूल हा बिअर गाळणाऱ्या कारखानदाराचा मुलगा. उष्णता आणि यांत्रिक काम या एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत, हे त्याला मोजून दाखवायचे होते. त्याने तांब्याच्या भांड्यात पाणी भरले, त्यात पितळी पाती बसवली आणि दोरीला टांगलेली वजने खाली सोडून ती पाती फिरवली. वजन खाली पोहोचले की पुन्हा वर गुंडाळायचे, पुन्हा सोडायचे. असे वीस वेळा करूनही पाण्याचे तापमान वाढे ते जेमतेम अर्धा अंश फॅरनहाइट. तेवढी वाढ नेमकी टिपायला लागणारे थर्मामीटर आणि चिकाटी, दोन्ही त्याच्याकडे होते. १८५० साली त्याने प्रसिद्ध केलेला निष्कर्ष आजच्या आकड्याच्या अगदी जवळचा आहे. आजच्या मापात सांगायचे तर पाणी सुमारे ४२७ मीटर उंचीवरून पडले आणि त्याची सगळी ऊर्जा त्याच्यातच राहिली, तर ते एका अंशाने तापेल. जोगचा धबधबा २५३ मीटरचा आहे. तिथे खालचे पाणी वरच्यापेक्षा अर्ध्या अंशाहून थोडे जास्त गरम व्हायला हवे. वाटेत तुषार उडून बाष्पीभवन होते आणि वारा लागतो, म्हणून प्रत्यक्षात हा फरक सरळ हाती येत नाही.

बिस्किटाच्या पुड्यावर मात्र कॅलरी वेगळाच घोटाळा करते. आहारतज्ज्ञ जिला ‘कॅलरी’ म्हणतात ती खरे तर किलोकॅलरी असते, म्हणजे हजार कॅलरी. पुड्यावर kcal असे नीट छापलेले असते, बोलताना ‘किलो’ गळतो. शंभर ग्रॅम बिस्किटांत साधारण ४५० किलोकॅलरी असतात. आपल्या बादलीला लागल्या होत्या ३ लाख कॅलरी, म्हणजे ३०० किलोकॅलरी. म्हणजे ६५-७० ग्रॅम बिस्किटांत बादलीभर पाणी तापवण्याइतकी ऊर्जा आहे. दिवसाला २००० किलोकॅलरी खाणारा माणूस ती चोवीस तासांत वापरतो. ज्यूल करून दिवसाच्या ८६,४०० सेकंदांनी भागले तर त्याची सरासरी शक्ती निघते ९७ वॉट. माणूस म्हणजे जुन्या शंभराच्या बल्बएवढा. बंद वर्गात साठ मुले बसली की उकडायला का लागते, ते यातून कळते.

बातम्यांत एक चूक वारंवार दिसते: ‘प्रकल्पातून अमुक किलोवॉट प्रति तास वीज मिळेल.’ वॉटमध्ये ‘दर सेकंदाला’ आधीच दडलेले आहे. त्याला पुन्हा तासाने भागायचे नसते, वेळेने गुणायचे असते. छतावरचा एक किलोवॉटचा सौर संच ही शक्ती झाली. आपल्याकडच्या उन्हात तो दिवसाला साधारण चार युनिट देतो, ती ऊर्जा.

आता त्या लाल ठिपक्याच्या आत शिरू. ठिपका म्हणजे एक एलईडी. तिच्यात इलेक्ट्रॉन सुमारे दोन व्होल्टचा उतार उतरतो आणि उतरताना प्रकाशाचा एक कण, फोटॉन, बाहेर टाकतो. या एका कणाची ऊर्जा ज्यूलमध्ये लिहायला गेले तर दशांश चिन्हानंतर अठरा शून्ये येतात. म्हणून अणूंच्या दुनियेत इलेक्ट्रॉन-व्होल्ट हे माप वापरतात. एक इलेक्ट्रॉन एक व्होल्टच्या फरकातून गेला की त्याला मिळणारी किंवा त्याने गमावलेली ऊर्जा म्हणजे एक इलेक्ट्रॉन-व्होल्ट. लाल फोटॉन सुमारे १.९ इलेक्ट्रॉन-व्होल्टचा, निळा सुमारे २.७ चा. लाल एलईडी दोन व्होल्टच्या आसपास पेटते आणि निळीला तीनच्या आसपास लागतात, याचे मूळ इथे आहे. एक्स-रे नळीत ७०,००० व्होल्ट लावले की इलेक्ट्रॉन ७०,००० इलेक्ट्रॉन-व्होल्ट घेऊन लक्ष्यावर आदळतो. भागाकार करायची गरजच नाही, हीच या मापाची सोय.

या मापाचा सर्वांत भपकेबाज वापर जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत होतो. तिथल्या २७ किलोमीटर घेराच्या लार्ज हॅड्रॉन कोलायडरचा आराखडा प्रत्येक प्रोटॉनला ७ लाख कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्ट देण्यासाठी केलेला आहे. ऐकून छाती दडपते, पण ज्यूलमध्ये हा आकडा एका ज्यूलच्या दहा लाखाव्या भागाहून किंचित जास्त आहे. मीटरच्या एका चमकेएवढी ऊर्जा जमवायला असे शंभर कोटी प्रोटॉन लागतील. आराखड्याप्रमाणे एका झोतात साधारण ३२० लाख कोटी प्रोटॉन फिरतात. त्यांची सगळ्यांची मिळून ऊर्जा ३६ कोटी ज्यूल, म्हणजे शंभर युनिट. बेताने वीज वापरणाऱ्या घराचे महिन्याचे बिल.

पण काम संपले की हा झोत बाहेर काढून टाकावा लागतो, आणि तो काढला जातो एकाच फेरीत, सुमारे ८९ मायक्रोसेकंदांत. शंभर युनिटांना एवढ्याशा वेळाने भागले तर शक्ती येते ४ लाख कोटी वॉट. ३० मे २०२४ रोजी उन्हाच्या तडाख्यात भारताची विजेची मागणी २५० गिगावॉटवर, म्हणजे २५,००० कोटी वॉटवर पोहोचली होती. त्याच्या सोळा पट शक्ती त्या क्षणार्धापुरती एका झोतात असते. ती झेलायला सुमारे आठ मीटर लांबीचा ग्रॅफाइटचा ठोकळा ठेवला आहे. झोत त्यावर एकाच जागी आदळला तर ठोकळ्याला इजा होईल, म्हणून वाटेतले चुंबक त्याला ठोकळ्याच्या तोंडावर वळणावळणाने फिरवतात आणि ते शंभर युनिट पसरून देतात.