कामगाराच्या खुर्चीची ताकद कुठून येते?

सप्टेंबर २०२४ मध्ये फोक्सवॅगनच्या व्यवस्थापनाने जर्मनीतले कारखाने बंद करावे लागतील, अशी शक्यता उघडपणे बोलून दाखवली. १९९४ पासून चालत आलेला नोकरीच्या हमीचा करारही त्याच महिन्यात मोडीत काढला. ऑक्टोबरात कामगार परिषदेच्या प्रमुख दानिएला काव्हालो यांनी कामगारांना सांगितले, की किमान तीन कारखान्यांवर गदा येणार आहे. डिसेंबरात जवळपास लाखभर कामगारांनी काही तासांपुरते काम थांबवले. नाताळच्या तोंडावर, २० डिसेंबरला समझोता झाला. २०३० पर्यंत ३५ हजारांहून अधिक नोकऱ्या कमी होणार, पण स्वेच्छेने आणि वयानुसार निवृत्ती देऊन. कोणालाही सक्तीने काढायचे नाही आणि तातडीने एकही कारखाना बंद करायचा नाही, असे ठरले. त्या बदल्यात कामगारांनी पगारवाढ सोडली, ड्रेस्डेनचे वाहन उत्पादन २०२५ अखेर थांबवायला मान्यता दिली आणि गोल्फ गाडीचे उत्पादन मेक्सिकोला जाऊ दिले.

त्याच वर्षी वेल्समधल्या पोर्ट टॅल्बोटला टाटा स्टीलने दोन झोतभट्ट्या विझवल्या, एक जुलैत आणि दुसरी ३० सप्टेंबरला. सुमारे २,८०० नोकऱ्या जातील असे कंपनीने जानेवारीतच जाहीर केले होते. कामगार संघटना हात बांधून बसल्या नव्हत्या. त्यांनी सल्लागार नेमून पर्यायी आराखडा तयार केला. नवी विद्युत भट्टी उभी राहीपर्यंत एक झोतभट्टी चालू ठेवा, असे त्यात सुचवले होते. कंपनीने तो आराखडा वाचला, त्यावर चर्चा केली आणि खर्च परवडणार नाही म्हणून नाकारला. ब्रिटिश कायद्याप्रमाणे मोठ्या कपातीआधी कामगारांशी सल्लामसलत करावी लागते. ती झाली. संमती मात्र घ्यावी लागत नाही.

या दोन घटना शेजारी ठेवल्या, की एकस्तरीय आणि द्विस्तरीय मंडळांतला फरक समजल्यासारखा वाटतो. जर्मनीत वरच्या मंडळात कामगार बसतात म्हणून कारखाने वाचले, ब्रिटनमध्ये बसत नाहीत म्हणून भट्ट्या विझल्या. हा निष्कर्ष अर्धाच खरा आहे. उरलेला अर्धा कळण्यासाठी आधी रचना नीट पाहायला हवी.

ब्रिटनमध्ये, अमेरिकेत आणि आपल्याकडे कंपनीला एकच संचालक मंडळ असते. रोजचा कारभार पाहणारे व्यवस्थापकीय संचालक आणि बाहेरून आलेले स्वतंत्र संचालक एकाच टेबलाभोवती बसतात. जे निर्णय घेतात, त्यांच्यावर देखरेख करणारेही त्याच मंडळाचे सदस्य. जर्मनीत ही कामे कायद्यानेच वेगळी केली आहेत. व्यवस्थापन मंडळ कंपनी चालवते. देखरेख मंडळ त्याच्या सदस्यांची नेमणूक करते, ती एका वेळी जास्तीत जास्त पाच वर्षांसाठी, आणि गंभीर कारण असेल तर त्यांना घरी पाठवते. एक माणूस एकाच वेळी दोन्हीकडे बसू शकत नाही. देखरेख मंडळाने स्वतः कारभार हाती घ्यायचा नाही. पण काही महत्त्वाचे निर्णय आपल्या संमतीशिवाय घेता येणार नाहीत, अशी यादी मात्र त्याला ठरवावीच लागते.

कामगार बसतात ते या वरच्या मंडळात. कंपनीचे जर्मनीत ५०० हून अधिक कामगार असतील तर एक तृतीयांश जागा त्यांच्या आणि २,००० हून अधिक असतील तर निम्म्या. हा निम्म्याचा कायदा १९७६ चा. २० जणांचे मंडळ असेल तर दहा भागधारकांचे आणि दहा कामगारांच्या बाजूचे. या दहांत सात कंपनीचे कर्मचारी असतात, त्यांतही वरिष्ठ अधिकाऱ्यांसाठी एक जागा राखीव, आणि तीन कामगार संघटनेचे प्रतिनिधी.

दहा आणि दहा म्हणजे बरोबरी, असे आपल्याला वाटते. पण अध्यक्षाच्या निवडीत दोन्ही बाजूंचे जमले नाही, तर अध्यक्ष कोण हे भागधारकांचे दहा ठरवतात. मतदानात समसमान मते पडली आणि फेरमतदानातही तेच झाले, की अध्यक्षाला दुसरे मत मिळते. शेवटचा शब्द अशा रीतीने भांडवलाकडे राहतो. कामगारांना निम्म्या जागा देऊन मालमत्तेचा हक्क हिरावला जातो, अशी तक्रार घेऊन मालक मंडळी घटनात्मक न्यायालयात गेली तेव्हा, १९७९ मध्ये, न्यायालयाने हा कायदा वैध ठरवला. भागधारकांचे पारडे किंचित जड राहते, हे त्या निकालातले एक महत्त्वाचे कारण होते.

हे दुसरे मत सहसा वापरले जात नाही. त्यासाठी लढून मिळवलेला विजय पुढची पाच वर्षे महागात पडतो, हे अध्यक्षांना ठाऊक असते. पण ते शस्त्र कायम हाताशी असते. आखेनच्या टायर कारखान्याचे उदाहरण घ्या. सप्टेंबर २०२० मध्ये कॉन्टिनेंटलच्या देखरेख मंडळापुढे हा कारखाना बंद करण्याचा प्रस्ताव आला. सुमारे १,८०० नोकऱ्यांचा प्रश्न होता आणि कामगारांचा ठाम विरोध. मते समसमान पडली, अध्यक्ष वोल्फगांग राइत्सले यांनी दुसरे मत टाकले आणि प्रस्ताव मंजूर झाला. मंडळ द्विस्तरीय होते, कामगारांच्या निम्म्या खुर्च्याही भरलेल्या होत्या, तरी कारखाना बंद करण्याचा निर्णय झालाच.

मग फोक्सवॅगनमध्ये वेगळे काय घडले? तिथे या कंपनीपुरता एक स्वतंत्र कायदा आहे, १९६० चा. नवा कारखाना उभारणे किंवा उत्पादनाचे ठिकाण हलवणे यासाठी देखरेख मंडळाची दोन तृतीयांश मते लागतात, असे तो सांगतो. २० पैकी १४ मते. कामगारांचे दहा एकत्र राहिले तर समोरच्या बाजूकडे दहाच उरतात आणि अध्यक्षाचे दुसरे मत धरले तरी १४ ची गाठ पडत नाही. शिवाय लोअर सॅक्सनी राज्याकडे कंपनीची २० टक्के मते आहेत आणि भागधारकांच्या बाकावर त्याचे दोन प्रतिनिधी बसतात. स्वतःच्या राज्यातला कारखाना बंद करायला कुठलाही मुख्यमंत्री सहज हात वर करत नाही. युरोपीय न्यायालयाने २००७ मध्ये या कायद्यातल्या काही तरतुदी युरोपीय नियमांत बसत नाहीत असे ठरवले, पण हे दोन तृतीयांशाचे कलम टिकले.

म्हणून मला वाटते, कोणत्याही देशाच्या कंपनी कायद्याची तुलना करताना मंडळे किती आणि खुर्च्या कोणाच्या हे मोजून थांबू नये. कोणत्या निर्णयाला कोणाची संमती लागते आणि ती किती मतांनी, हे विचारावे. आखेन आणि वोल्फ्सबुर्ग यांच्यातला फरक तिथेच आहे. पोर्ट टॅल्बोटमध्ये तो प्रश्न विचारण्याची जागाच नव्हती. अर्थात पोर्ट टॅल्बोटच्या भट्ट्या आयुष्याच्या शेवटाकडे आल्या होत्या आणि तोटा प्रचंड होता. कामगार मंडळात असते तरी भट्ट्या कायमच्या जळत राहिल्या नसत्या. वेळापत्रक आणि भरपाई यांवर मात्र त्यांना सल्ला देण्याऐवजी सौदा करता आला असता, आणि २,८०० कुटुंबांसाठी तो फरक लहान नाही.

या सौद्याची किंमतही सांगायला हवी. फोक्सवॅगनमध्ये ती दोनदा ठळकपणे दिसली. २००५ मध्ये उघड झाले, की कामगार परिषदेचे तेव्हाचे प्रमुख क्लाउस फोल्कर्ट यांना कंपनीकडून वर्षानुवर्षे गैरमार्गाने लाभ दिले जात होते, त्यात ऐषारामी सहलीही होत्या. कामगार विभाग सांभाळणारे व्यवस्थापन मंडळाचे सदस्य पेटर हार्ट्स यांनी गुन्हा कबूल केला, त्यांना निलंबित शिक्षा झाली. फोल्कर्ट यांना तुरुंगवासाची शिक्षा झाली. ज्यांच्या संमतीवर मोठे निर्णय अडतात, त्यांना खूश ठेवण्याचा मोह व्यवस्थापनाला होतोच. व्यवस्थापनाला जाब विचारणारा प्रतिनिधी तिथे त्याच्याच मेहरबानीखाली आला होता.

दुसरा प्रसंग २०१५ चा. देखरेख मंडळाचे अध्यक्ष फर्डिनांड पीएख यांचा मुख्याधिकारी मार्टिन विंटरकोर्न यांच्यावरचा विश्वास उडाला होता. कामगार प्रतिनिधी आणि लोअर सॅक्सनी राज्य विंटरकोर्न यांच्या पाठीशी उभे राहिले. एप्रिलमध्ये पायउतार व्हावे लागले ते अध्यक्षांनाच. पाचच महिन्यांनी अमेरिकेत डिझेल गाड्यांच्या धुराच्या चाचणीतली फसवणूक उघड झाली आणि विंटरकोर्न यांनी राजीनामा दिला. इतकी वर्षे चाललेला प्रकार २० जणांच्या देखरेख मंडळाने रोखला नाही. वरच्या मंडळाला माहिती पुरवते ते खालचे मंडळच, त्यामुळे व्यवस्थापन जे वर पाठवत नाही ते वर पोहोचणे कठीण. एकस्तरीय मंडळाच्या बाजूने सर्वांत बळकट युक्तिवाद हाच आहे. स्वतंत्र संचालक कारभाऱ्यांच्या शेजारी बसतात, निर्णय शिजत असतानाच चुळबुळ ऐकतात आणि तिथल्या तिथे प्रश्न विचारू शकतात. तरीही ब्रिटन-अमेरिकेत घोटाळे झालेच आहेत, कारण शेजारी बसणाऱ्याला प्रश्न विचारायचे धैर्य कायद्याने येत नाही.

ब्रिटनने मधला रस्ता धरला. २०१६ मध्ये तेरेसा मे यांनी कामगारांना मंडळात घेण्याचे बोलून दाखवले आणि नंतर ते सौम्य केले. २०१८ च्या आचारसंहितेने मोठ्या कंपन्यांपुढे तीन पर्याय ठेवले: कामगारांतून एक संचालक, कामगारांची सल्लागार समिती, किंवा कामगारांचे म्हणणे ऐकण्याची जबाबदारी एखाद्या स्वतंत्र संचालकावर. बहुतेक कंपन्यांनी पहिला पर्याय टाळला.

आपल्याकडे शब्दांची कमतरता नाही. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने व्यवस्थापनातल्या कामगार सहभागाचे मार्गदर्शक तत्त्व, अनुच्छेद ४३-अ, राज्यघटनेत आणले. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १६६ ने भागधारकांच्या बरोबरीने कर्मचाऱ्यांचे हितही संचालकांच्या कर्तव्यात घातले. पण त्या कायद्याने कर्मचाऱ्यांना मंडळात जागा दिली नाही आणि कोणत्या निर्णयाला त्यांची संमती लागेल हेही ठरवले नाही.

जागा दिली ती बँकांत. १९६९ मध्ये बँक ऑफ महाराष्ट्रसह १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि त्यानंतरच्या १९७० च्या कायद्याने संचालक मंडळात कामगारांचा एक आणि अधिकाऱ्यांचा एक प्रतिनिधी आणला. एवढ्या मोठ्या मंडळात एक मत निर्णय अडवू शकत नाही, पण थकलेली कर्जे आणि शाखांची परिस्थिती आतून माहीत असलेला माणूस त्या टेबलावर असणे, ही माहितीच्या दृष्टीने मोलाची गोष्ट होती. हे संचालक नेमते केंद्र सरकार, आणि गेल्या दशकात बहुतेक सरकारी बँकांत या खुर्च्या दीर्घकाळ रिकाम्या राहिल्या. संघटनांना त्यासाठी पत्रे आणि खटले यांचा आधार घ्यावा लागला. जर्मनीत देखरेख मंडळावरचा कामगार प्रतिनिधी कंपनीतले कर्मचारीच निवडतात, सरकार नेमत नाही. एखादी खुर्ची रिकामी राहिली, तर मंडळाचा कोणताही सदस्य, कामगार परिषद किंवा संघटना न्यायालयाकडे अर्ज करते आणि न्यायालय तिथे माणूस नेमते. दोन्ही बाजूंच्या निम्म्या-निम्म्या जागा असलेल्या मंडळात ही बाब तातडीची मानली जाते.