उचल फेडताना वहीत काय लिहावं?

जून उजाडला की मुलांची फी, वह्या-पुस्तकं आणि गळकं छप्पर असे खर्च एकदम समोर येतात. याच सुमारास घरकाम करणाऱ्या बायका कामाच्या घरी उचल मागतात आणि बऱ्याच घरी ती मिळतेही. पैसे देताना कटकट नसते, ती तीन-चार महिन्यांनी सुरू होते. ‘वहिनी, आता किती राहिले?’ या प्रश्नाला दोघींची उत्तरं वेगळी येतात. दोघींपैकी कोणीही खोटं बोलत नसतं. हिशेब फक्त तोंडी ठरलेला असतो.

समजा, पुण्यातल्या एका घरी पोळ्या, भांडी आणि केर-फरशीचे महिन्याला 6000 रुपये ठरले आहेत. 10 जूनला 12,000 रुपये उचल दिली. अशा वेळी द्यायची चिठ्ठी अशी असू शकते:

‘ताई, 10 जूनला तुम्हाला 12,000 रुपये उचल दिली. त्यावर व्याज नाही. जूनचा पगार पूर्ण मिळेल. जुलैच्या पगारापासून दर महिन्याला 1500 रुपये कापू. दिवाळीच्या तोंडावर मिळणाऱ्या ऑक्टोबरच्या पगारातून काही कापणार नाही. असे आठ हप्ते होऊन मार्चच्या पगारात उचल फिटेल. बोनस वेगळा, तो यात धरणार नाही. एखाद्या महिन्यात अडचण आली तर आधी सांगा, त्या महिन्याचा हप्ता पुढे ढकलू.’

‘जुलैपासून’ एवढंच न लिहिता ‘जुलैच्या पगारापासून’ लिहिण्याला कारण आहे. जुलैचा पगार ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात हातात पडतो. एकीने कामाचा महिना धरला आणि दुसरीने पैसे मिळाल्याचा, तर एका हप्त्याचा घोळ ठरलेलाच.

खरा गोंधळ मात्र खाड्यांमुळे होतो. सप्टेंबरमध्ये ठरलेल्या सुट्ट्यांपेक्षा दोन खाडे जास्त झाले आणि ते कापायचे असं आधीच ठरलं असेल, तर रोजच्या 200 रुपयांप्रमाणे 400 रुपये गेले. हप्त्याचे 1500 धरून हातात 4100 आले. वहीत नुसतं ‘4100 दिले’ असं लिहिलं, तर बाईंच्या हिशेबाने उचलीतले 1900 फिटले आणि 7100 उरले. मालकिणीच्या हिशेबाने उरले 7500. हे 400 रुपये मार्चमध्ये भांडणाचं कारण होतात. म्हणून त्या महिन्याची नोंद फोडून लिहायची: पगार 6000, खाडे 400, हप्ता 1500, हातात 4100, उचल बाकी 7500. खाडे उचलीच्या हिशेबात मिसळायचेच नाहीत. मध्येच आणखी 2000 रुपये दिले, तर त्याचीही तारखेसह वेगळी ओळ टाकून नवी बाकी लिहायची.

हप्ता किती असावा? 1936 च्या वेतन प्रदान अधिनियमात एकूण कपातीवर साधारणपणे निम्म्या पगाराची मर्यादा होती आणि 2019 च्या वेतन संहितेतही ती निम्मीच आहे. पण हे नियम कारखाने-आस्थापना डोळ्यांसमोर ठेवून केलेले आहेत. तीन-चार घरी काम करणाऱ्या बाईंना निम्मी कपात झेपेलच असं नाही, कारण दुसऱ्या घरचीही उचल चालू असू शकते. तेव्हा हप्ता ठरवण्याआधी तेवढं विचारावं. वरच्या उदाहरणात या घरच्या पगाराचा चौथा हिस्सा जातो.

चिठ्ठीत एक वाक्य मात्र कधीही येता कामा नये: ‘उचल फिटेपर्यंत काम सोडता येणार नाही.’ उचलीच्या बदल्यात माणसाला कामाला बांधून ठेवणं आणि दुसरीकडे काम करायची मोकळीक काढून घेणं म्हणजे 1976 च्या कायद्याने बंद केलेली वेठबिगारी. त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते आणि असं कर्ज कायद्याने रद्दच होतं. त्याऐवजी असं लिहावं: ‘काम सोडलं तर त्या दिवशीची बाकी दोघी मिळून बघू आणि ती कशी द्यायची ते ठरवू.’

बाईंना वाचता येत नसेल तर चिठ्ठी त्यांच्या घरच्या कोणासमोर वाचून दाखवावी. व्हॉट्सॲपवर आवाजात पाठवली तर त्या घरी जाऊन पुन्हा ऐकू शकतात. वहीची एक प्रत त्यांच्याकडे हवी आणि दर पगाराला दोन्ही वह्यांत एकच आकडा पडायला हवा. सही किंवा अंगठा घ्यायचा तो आकडा मोठ्याने वाचल्यानंतर, कोऱ्या कागदावर कधीच नाही.

शेवटचा हप्ता कापला की ‘उचल फिटली, बाकी शून्य’ असं तारीख घालून दोन्ही वह्यांत लिहा आणि खाली दोघींच्या सह्या करा. पुढच्या जूनमध्ये पुन्हा उचल लागली, तर तिचा हिशेब नव्या पानावर सुरू करा.