३ एप्रिल की ४ मार्च?

२६/११ म्हटलं की मुंबईकराला २६ नोव्हेंबर आठवतो. ९/११ मात्र अमेरिकेचं आहे, म्हणजे ११ सप्टेंबर. आपल्याकडे आधी दिवस लिहितात, तिकडे आधी महिना. २६ वा महिना नसल्यामुळे पहिली तारीख चुकीची वाचताच येत नाही. दुसरी मात्र ९ नोव्हेंबरही होऊ शकते. दर महिन्याच्या पहिल्या बारा दिवसांपैकी अकरा असे दुहेरी असतात. वर्षभरात असे १३२ दिवस येतात.

माणसाला निदान शंका येते, संगणकाला येत नाही.

समजा, पुण्याच्या एका कार्यालयाने एप्रिल २०२५ च्या रोजच्या जमेची यादी, ०१/०४/२०२५ पासून ३०/०४/२०२५ पर्यंत, सीएसव्ही फाइलमध्ये शिकागोला पाठवली. तिथे ती अमेरिकी सेटिंग असलेल्या एक्सेलमध्ये डबल-क्लिक करून उघडली. १ एप्रिलची जमा ४ जानेवारीला जाते, २ एप्रिलची ४ फेब्रुवारीला, १२ एप्रिलची थेट ४ डिसेंबरला. ४ एप्रिल तेवढा जागेवर राहतो. १३ पासून पुढच्या अठरा नोंदींत तेरावा महिना सापडत नाही, म्हणून एक्सेल त्यांना तारीख न मानता नुसता मजकूर समजतं. अकरा नोंदी चुकल्या, तरी पडद्यावर चुकीची एकही सूचना येत नाही.

खूण मात्र दिसते. एक्सेल तारखा उजव्या कडेला लावतं आणि मजकूर डाव्या. एकाच स्तंभात दोन्ही दिसले की थांबावं. उघडलेल्या फाइलमध्ये डागडुजी न करता मूळ फाइलकडे परतावं. Data मधल्या From Text/CSV ने ती आणताना Do not detect data types निवडावं, म्हणजे तारखा मजकूर म्हणूनच येतात. मग Text to Columns च्या तिसऱ्या पायरीवर Date मध्ये DMY निवडावं.

यादीऐवजी एकच तारीख आली असेल, तर पाठवणाऱ्यालाच विचारावं लागतं. पण ‘०३/०४ ना?’ असं विचारलं की दोघंही ‘हो’ म्हणतात आणि दोघांच्या मनात वेगळी तारीख असते. ‘गुरुवार, ३ एप्रिल २०२५ ना?’ असं विचारलं, तर ४ मार्च समजणारा लगेच अडतो, कारण तो मंगळवार होता. नुसत्या वारावरही विसंबू नये. ९ मे आणि ५ सप्टेंबर दरवर्षी एकाच वारी येतात, तसेच ११ जुलै आणि ७ नोव्हेंबरही. म्हणून महिन्याचं नाव हवंच.

फाइलसाठी आयएसओ ८६०१ या १९८८ च्या आंतरराष्ट्रीय मानकातली पद्धत आहे: आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. २०२५-०४-०३ म्हणजे ३ एप्रिल. परदेशी यादी पाठवताना तारखा अशाच लिहा, आणि पत्रात महिना अक्षरांत लिहा.