दहापैकी नऊ ट्रेड जिंकूनही पैसे का बुडतात?

आमच्या लॅबमधला एक मित्र मध्यंतरी फार खुशीत होता. निफ्टीचे आठवड्याचे ऑप्शन विकायचे, प्रीमियम घ्यायचा आणि एक्सपायरीपर्यंत शांत बसायचं, अशी त्याची स्ट्रॅटेजी. दोन वर्षांच्या डेटावर बॅकटेस्ट केला होता: 100 ट्रेड, त्यातले 91 फायद्यात. "अजून काय पुरावा पाहिजे?" असं त्याने विचारलं. प्रश्न चांगला आहे, म्हणून त्याचं उत्तर नीट मांडतो.

ऑप्शन विकणाऱ्याचा फायदा प्रीमियमपुरताच असतो. तोटा मात्र बाजार किती हलला यावर ठरतो. म्हणजे जिंकण्याचं प्रमाण जास्त असणं हे हुशारीचं लक्षण नाही, तो या सौद्याच्या रचनेचाच भाग आहे. आता एक काल्पनिक पण सोपं मॉडेल घेऊ. 90% वेळा 1,000 रुपये मिळतात, 9% वेळा 4,000 जातात आणि 1% वेळा 80,000 जातात. दर ट्रेडमागची सरासरी अशी निघते:

```
0.90*1000 - 0.09*4000 - 0.01*80000 = 900 - 360 - 800 = -260
```

दहापैकी नऊ ट्रेड जिंकतोय, तरी प्रत्येक ट्रेडमागे सरासरी 260 रुपये जातायत. आणि हा सगळा खड्डा त्या शेवटच्या 1% मुळे आहे.

मग हे बॅकटेस्टमध्ये का दिसत नाही? 100 ट्रेडमध्ये तो मोठा तोटा एकदाही न येण्याची शक्यता 0.99 चा शंभरावा घात, म्हणजे जवळपास 37% आहे. अशा वेळी साधारण 91 ट्रेड जिंकतात, 9 हरतात आणि हिशोब 91,000 वजा 36,000, म्हणजे 55,000 रुपये नफा असा दिसतो. मित्राच्या बॅकटेस्टचं चित्र नेमकं असंच होतं. स्वतः चालवून बघा:

```python
import numpy as np
rng = np.random.default_rng(7)
x = rng.choice([1000, -4000, -80000],
               size=(10000, 100), p=[0.90, 0.09, 0.01])
print(x.mean(), (x.sum(axis=1) > 0).mean())
```

पहिला आकडा -260 च्या आसपास येतो, दुसरा 0.37 च्या. म्हणजे ही तोट्यातली स्ट्रॅटेजी शंभर जणांनी तपासली, तर सदतीस जणांना ती नफ्याची वाटेल. आणि इतरांना सांगायला पुढे येतात ते बहुतेक हेच सदतीस.

इथे संशोधनाच्या कामाचा एक साधा नियम आहे. एखादी गोष्ट n वेळा बघून एकदाही घडली नसेल, तर 95% खात्रीने एवढंच म्हणता येतं की तिची शक्यता 3/n पेक्षा कमी आहे. मित्राचे ट्रेड 100, म्हणजे मोठ्या तोट्याची शक्यता 3% पर्यंतही असू शकते. आता उलट विचारू: नफा पुसून टाकायला किती पुरेशी आहे? मोठा तोटा सोडून दर ट्रेडला सुमारे 545 रुपये सुटतात आणि मोठा तोटा 80,000 चा आहे. उत्तर येतं सुमारे 0.68%. डेटा 3% पर्यंतची शक्यता नाकारू शकत नाही आणि बुडायला 0.68% पुरते. म्हणजे बॅकटेस्टने मुख्य प्रश्नाचं उत्तर दिलेलंच नाही. ते मिळवायला असा तोटा न दिसलेले सुमारे 440 ट्रेड लागतील, म्हणजे आठवड्याला एक या हिशोबाने साडेआठ वर्षं.

तीही पुरतीलच असं नाही, कारण आपण गृहीत धरलंय की बाजार तोच राहतो. अमेरिकेत XIV नावाचं एक उत्पादन 2010 च्या अखेरीस सुरू झालं. शेअर बाजारातली अस्थिरता मोजणाऱ्या व्हिक्स निर्देशांकाच्या फ्युचर्सच्या विरुद्ध दिशेने ते चालायचं. बाजार शांत असला की कमाई. 2017 मध्ये त्याची किंमत दुपटीहून जास्त झाली. 5 फेब्रुवारी 2018 ला व्हिक्स 17 वरून 37 वर गेला. दिवसाअखेर अशा उत्पादनांना तोल सांभाळण्यासाठी हेच फ्युचर्स विकत घ्यावे लागतात. सगळे एकाच वेळी खरेदीला आल्याने भाव अजून चढला आणि XIV चं मूल्य एका दिवसात 96% घसरलं. नंतर ते बंदच करण्यात आलं. बहुतेक पडझड बाजार बंद होताना आणि त्यानंतर झाली, त्यामुळे स्टॉप-लॉस लावून सुटका झाली नसती. शिवाय तोटा इतका मोठा झाला तो त्याच बाजूला गर्दी जमली होती म्हणून, आणि गर्दी जमली होती ती सात वर्षांच्या चांगल्या रेकॉर्डमुळे.

म्हणून कोणी जिंकण्याचं प्रमाण सांगितलं, की आधी दोन गोष्टी विचारा. सगळ्यात मोठा तोटा सरासरी नफ्याच्या किती पट? आणि असे मोठे तोटे डेटात किती वेळा आलेत? दुसऱ्याचं उत्तर शून्य असेल, तर तुमच्या सॅम्पलमध्ये ट्रेड शंभर असले, तरी ज्यावर निकाल ठरतो त्या घटनेची नोंद एकही नाही. मित्राने आता जुन्या पडझडीच्या वर्षांचा डेटा घेऊन बॅकटेस्ट पुन्हा सुरू केलाय. तो होईपर्यंत पैसे लावायचे नाहीत, एवढं त्याने कबूल केलंय.