चाल काढून घेतल्यावर

गाणं कागदावर कविता म्हणून उभं राहतं का, हे पाहायचं तर आधी ते गुणगुणणं थांबवावं लागतं. ओळखीची चाल डोक्यात वाजत असली की ओळ आपोआप गोड वाटते. म्हणून गीत गद्यासारखं, सपाट आवाजात वाचायचं.

‘गीतरामायणा’त राम भरताची समजूत घालतो, ते गीत घ्या. गदिमांनी ही ५६ गीतं १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीसाठी लिहिली. चाली सुधीर फडके यांच्या. रेडिओवर प्रत्येक अंतऱ्यानंतर ध्रुवपद येतं आणि मधल्या वाद्यांमुळे ते हवंसंही वाटतं. छापील पानावर मात्र दर वेळी तीच ओळ वाचायला लागली तर डोळा ती गाळून पुढे जातो. ध्रुवपद एकदाच ठेवलं, तर काय उरतं?

पुष्कळ उरतं. महासागरात दोन ओंडके भेटतात आणि एका लाटेने दूर होतात, ही रामायण-महाभारतातली जुनी प्रतिमा गदिमा थोडक्या शब्दांत मांडतात. तिला हार्मोनियमची गरज पडत नाही. शिवाय बोलणारा कोण, ऐकणारा कोण, हे निवेदकाविना कळतं.

उणीवही दिसते. अंतरे पुढे सरकतात, पण मुद्दा बराचसा तोच राहतो: माणसाच्या हाती काही नाही. गाताना ही पुनरावृत्ती सांत्वनासारखी वाटते, वाचताना थोडी लांबलेली. एखाददुसरा अंतरा गाळला तरी अर्थ फारसा बिघडत नाही. (मैफलीत असं कुणी केलं तर श्रोते सोडणार नाहीत!)

तरीही हे गीत कविता म्हणून उभं राहतं, ते ओंडक्यांच्या कडव्यामुळे.