रात्रीची गाडी, मोगरा आणि एका कथेची बांधणी

रात्रीच्या गाडीत समोरासमोर बसलेली दोन अनोळखी माणसं आणि मोगऱ्याच्या वासावरून सुरू झालेलं त्यांचं बोलणं. कथेसाठी हा प्रसंग फार मोहात पाडणारा आहे, म्हणूनच तो सहज फसतो. वास येतो, एकाला जुनं काहीतरी आठवतं, तो दीड पान आठवणींत रमतो आणि समोरचं माणूस ऐकत बसतं. मोगऱ्याच्या जागी अत्तर किंवा एखादं जुनं गाणं ठेवलं तरी अशा कथेत काही बदलत नाही. माझ्या मते ही कथा उभी राहायची असेल, तर मोगऱ्यानेच काहीतरी घडवलं पाहिजे. त्यासाठी आपलं नाक, ती गाडी आणि ते फूल कसं वागतं हे लेखकाला नीट ठाऊक असावं लागतं.

आधी नाकाचं पाहू. एकच वास सतत येत राहिला की काही मिनिटांत तो आपल्याला जाणवेनासा होतो. वास तिथेच असतो, फक्त मेंदू त्याची दखल घेणं सोडतो. म्हणून गजरा माळलेल्या बाईला स्वतःच्या गजऱ्याचा वास थोड्या वेळाने येत नाही, आणि बाहेरून आलेल्याला तो दारातच जाणवतो. या कथेचं बीज मला इथे दिसतं. ज्याच्याजवळ फुलं आहेत त्याला वास कळत नाही, आणि ज्याला वास येतो त्याला फुलं कुठे आहेत हे माहीत नाही. दोघांकडे अर्धी अर्धी बातमी आहे, तेव्हा त्यांनी बोलायला खरं कारण मिळालं.

गाडीही विचारपूर्वक निवडायला हवी. वातानुकूलित डब्यात बरीचशी हवा फिरून फिरून तीच येते. वास सगळीकडे सारखा पसरतो आणि कुठून येतोय ते कळत नाही. साध्या स्लीपरच्या डब्यात गाडी पळत असताना उघड्या खिडक्यांतून वारा येतो आणि वास टिकत नाही. गाडी थांबली की वारा पडतो आणि इतका वेळ पांगत असलेला वास एका जागी साठतो. म्हणून वास यायला हवा तो गाडी थांबल्यावर, आणि तेही जरा जास्त वेळ थांबल्यावर.

मुंबईहून कोल्हापूरला जाणाऱ्या महालक्ष्मी एक्सप्रेसमध्ये ही जागा आयती सापडते. कर्जतला घाट चढण्यासाठी गाडीला मागून जादा इंजिनं जोडतात, कारण पुढे बोर घाटात दर सदतीस फुटांमागे एक फूट चढ आहे. वेळही रात्री दहाच्या आसपासची, म्हणजे मधले बर्थ उघडायची आणि दिवे मालवायची. फलाटावर वडापाववाले ओरडत असतात, तळणाचा वास खिडकीतून आत येतो. त्या वासातूनही मोगरा जाणवला, तर वाचकाला त्याचा जोर सांगावा लागत नाही.

आता माणसं. कल्याणला चढलेल्या पन्नाशीच्या एक बाई आहेत. केसांत गजरा नाही. बाकाखाली ओल्या फडक्याने झाकलेली परडी आहे, तळाशी बर्फाची पिशवी. परडीत त्यांच्या गच्चीतल्या कुंड्यांमधल्या कळ्या. भाचीचं लग्न आहे. मोगऱ्याचं मूळ रोप भाचीच्या आईने, म्हणजे त्यांच्या धाकट्या बहिणीने, फांदी लावून दिलं होतं. बहीण आता नाही. ही गोष्ट कथेत एका वाक्यात यावी, तीही उशिरा.

समोर वाशीच्या फळबाजारात गाळ्यावर काम करणारा तिशीचा तरुण आहे. तो आधीच येऊन बसलेला, आणि त्याच बाकाखाली त्याची हापूसची पेटी. म्हणजे महिना वैशाखाच्या जवळपासचा हवा. मोगऱ्याचा खरा बहर उन्हाळ्यातच असतो. हीच कथा मार्गशीर्षात घडवली, तर गच्चीतल्या मोगऱ्याला परडीभर कळ्या कुठून आल्या, असं घरी मोगरा असलेला वाचक विचारील. थंडीत कुंद फुलतो, पण त्याचा वास अंधारात कुणाला हाक मारण्याइतका नसतो.

गाडी कर्जतला थांबते. तरुण इकडेतिकडे पाहतो आणि सहज बोलतो, “काकू, मोगरा आहे का हो कुठे? मस्त वास सुटलाय.”

बाईंचा चेहरा उतरतो. कथा इथे वळते. मिटलेल्या कळीला फारसा वास नसतो. कळी उमलू लागली की वास सुटतो आणि रात्री तो वाढत जातो, कारण रात्री उडणाऱ्या पतंगांना तो बोलावत असतो. त्या दिवशी तोडलेली टपोरी कळी संध्याकाळनंतर उघडायला लागते, गारव्याने ती थोडी लांबवता येते इतकंच. एकदा उमललेलं फूल दुसऱ्या दिवशी मलूल होतं, पाकळ्यांच्या कडा तपकिरी पडतात. त्याच्यासाठी जो सुखाचा वास आहे, तो बाईंसाठी बर्फ वितळल्याची बातमी आहे. आणि ती त्यांना स्वतःच्या नाकाने कळलेलीच नाही.

“खूप येतोय का?” त्या विचारतात. उत्तरावर पहाटेच्या वेणीचं भवितव्य आहे. परडी बाहेर निघते. तरुण फडकं उचलून पाहतो. फळांवर काम केलेला माणूस आहे, त्याला माल पाहता येतो. “वरच्या उघडल्यात. खालच्या आहेत अजून. पण पाण्यात बसल्यात काकू, पाणी लागलं की डाग पडतो.”

मग बाई म्हणतात, “आणि तुमचे आंबे पिकलेत. मला मघापासून वास येतोय.” त्याला तो आलेला नसतो. दिवसभर पेट्यांमध्ये वावरलेलं त्याचं नाक. आणि आता चेहरा उतरायची पाळी त्याची आहे, कारण पिकत्या फळांजवळ फुलं ठेवू नयेत हे त्याला धंद्यामुळे माहीत आहे. पिकणाऱ्या फळांतून इथिलीन वायू निघतो आणि त्याने बरीच फुलं लवकर कोमेजतात. खरं तर खिडक्या उघड्या असलेल्या डब्यात हा वायू पांगून जातो, काही तासांत खरं नुकसान उकाड्यानेच होतं. पण लेखकाने हे कथेत सांगू नये. तरुणाला आपल्या पेटीमुळे कुणाच्या लग्नाची फुलं बिघडली असं वाटणं, त्याला जागेवरून उठवायला पुरेसं आहे.

तो पेटी उचलून दाराजवळ नेतो. लोणावळ्याला उतरून थंड पाण्याच्या दोन बाटल्या आणतो, पुसून कोरड्या करतो. बाई पाणी निथळून कळ्या केळीच्या पानावर पसरतात, उमललेल्या बाजूला काढतात. या कामात त्या त्याला ‘तू’ म्हणू लागलेल्या असतात, आणि तो ‘काकू’वरून ‘मावशी’वर आलेला असतो. बहिणीचं वाक्य इथे यावं, हात कामात असताना. आधी आलं तर ते सहानुभूती मागतं. इथे ते फक्त इतक्या खटपटीचं कारण सांगतं.

एकमेकांची नावं मी त्यांना विचारू देणार नाही, आणि लग्नघरातलं दृश्यही लिहिणार नाही. तिथे गेलो तर कथा लग्नाची होते, गाडीतल्या दोघांची राहत नाही. पुण्याच्या आधी कुठेतरी ती थांबवावी. तरुण दाराजवळ पेटीपाशी बसलेला, कारण पेटी चोरीला जाऊ नये, आणि बाई आपल्या जागेवरून त्याला विचारताहेत, “अजून तिथपर्यंत येतोय का रे वास?”